साधी स्टीलची बाटली, स्कॅम्परची सात अक्षरं आणि छागल

अकोल्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. 2024 च्या उन्हाळ्यात एक लिटरच्या साध्या, म्हणजे एकाच पत्र्याच्या, सिंगल वॉलच्या स्टीलच्या बाटल्यांचे दोन खोके आणले होते आणि दिवाळी झाली तरी त्यातल्या साठच्या वर बाटल्या तशाच पडून. गिऱ्हाईक हातात घेतं, मोबाइल काढतं, ऑनलाइनचा भाव दाखवतं आणि बाटली परत ठेवतं, हे रोजचं झालं होतं. मी भावात लढू शकत नाही हे मला कळत होतं, पण बाटली ती बाटली, त्यात आपण वेगळं काय देणार हे काही सुचत नव्हतं. जानेवारी 2025 ते ऑक्टोबर 2025 या दहा महिन्यांत मी स्कॅम्पर नावाची पद्धत वापरून याच बाटलीचे दोन नवे प्रकार काढले आणि एकाचं डिझाइन रजिस्टरही झालं. अधेमधे कुठे अडकले, किती पैसे गेले, कोणत्या अक्षराने काय दिलं हे सगळं लिहून ठेवते, कारण मी शोधत होते तेव्हा प्रत्येक ठिकाणी सात शब्दांची यादी मिळाली, पण ती यादी घेऊन खऱ्या वस्तूपुढे बसल्यावर पुढे काय करायचं हे कुणी सांगत नव्हतं.

स्कॅम्परशी ओळख झाली 11 जानेवारीला, तीन दिवसांच्या उद्योजकता प्रशिक्षणात. शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं की अमेरिकेतले जाहिरातवाले अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न, ज्यांनी ब्रेनस्टॉर्मिंग रूढ केलं, त्यांची प्रश्नांची एक यादी होती आणि 1971 मध्ये बॉब एबर्ले यांनी ती सात अक्षरांत बसवली. एस म्हणजे सब्स्टिट्यूट, एखादी गोष्ट बदलून दुसरी घालणं. सी म्हणजे कम्बाइन, दोन गोष्टी जोडणं. ए म्हणजे अ‍ॅडॅप्ट, दुसरीकडची युक्ती आपल्याकडे आणणं. एम म्हणजे मॉडिफाय, लहानमोठं करणं, आकार बदलणं. पी म्हणजे पुट टु अदर यूजेस, दुसऱ्या कामाला लावणं. ई म्हणजे एलिमिनेट, काढून टाकणं. आणि आर म्हणजे रिव्हर्स किंवा रीअरेंज, उलटं करणं, जागा बदलणं.

त्याच रात्री मी घरी येऊन वही उघडली, बाटली समोर ठेवली आणि सातही अक्षरं एका बैठकीत संपवली. चाळीस कल्पना निघाल्या, खूप आनंद झाला. दुसऱ्या दिवशी एकेक कल्पना मोबाइलवर शोधत गेले तर झाकणावर तापमान दाखवणारी, खाली औषधाचा डबा असलेली, मोबाइल स्टँडवाली, सगळ्या आधीच बाजारात. चाळीसपैकी एकही माझी नव्हती. दोन दिवस मन फार खट्टू झालं.

प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी मॅडमना वही दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही अख्ख्या बाटलीला प्रश्न विचारलात, म्हणून उत्तरंही सगळ्यांना सुचतात तीच आली. आधी बाटली सुटी करा, एकेक भाग घ्या, तो भाग काय काम करतो ते लिहा, आणि वापरणारी माणसं त्याबद्दल काय कुरकुर करतात ते लिहा. मग त्या भागाला आणि त्या कुरकुरीला प्रश्न विचारा." मला या पूर्ण प्रकारात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी वापरातली एक जुनी बाटली गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून उभी कापून घेतली, पन्नास रुपये घेतले त्याने. कधीही बाटली आतून पाहिली नव्हती मी, रोज विकत असूनही. दोन अर्धुकं टेबलावर ठेवली तर धड आतून चकचकीत होतं, आणि जिथे धड संपून मानेकडे निमुळतं होतं त्या खांद्याच्या आत बोटभर रुंद पांढरा पट्टा, क्षाराचा, नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. ब्रश सरळ आत जातो आणि सरळच बाहेर येतो, त्या वळणाला तो लागतच नाही. बुडाच्या सांध्याला पण तशीच एक रेघ. मग सगळे भाग लिहिले: झाकण, झाकणातला सिलिकॉनचा वायसर, आटे, मान, खांदा, धड, बूड, झाकणाची कडी.

त्यानंतर पंधरा दिवस दुकानात मी कुरकुरींची वही ठेवली. बाटली बघायला आलेल्या प्रत्येकाला एकच विचारायचे, आत्ता घरी जी बाटली आहे तिचा त्रास काय आहे? एकतीस जणांनी उत्तर दिलं. नऊ जण म्हणाले झाकण गळतं, आठ जण म्हणाले आत घासता येत नाही, सात जण म्हणाले उन्हाळ्यात पाणी तासाभरात चहासारखं होतं, चौघींनी सांगितलं थंड पाणी भरलं की बाहेरून घाम सुटतो आणि मुलांच्या वह्या ओल्या होतात, आणि तिघांचं म्हणणं पोचे पडतात. एकाही माणसाने ब्लूटूथ मागितलं नाही. टीप म्हणून सांगते, "नवीन काय हवं" असं विचारू नका, लोकांना सांगता येत नाही, त्रास मात्र लगेच सांगता येतो.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून रोज रात्री दुकान बंद केल्यावर एक अक्षर, असं ठरवलं. सगळं सारखं फळलं नाही.

एस पटकन संपलं. झाकण प्लॅस्टिकऐवजी स्टीलचं, वायसर जाड, हे सगळे आधीच करतात. सी मध्ये मला जपून राहावं लागलं, कारण जोडत गेलं की संपतच नाही, आणि प्रत्येक जोडणीत एक सांधा वाढतो, सांधा वाढला की गळायची एक जागा वाढते. मी नियम केला की जी जोडणी वहीतली एखादी कुरकुर कमी करत नाही ती खोडायची. जवळजवळ सगळ्याच खोडल्या गेल्या.

एम वर मात्र मी जवळजवळ तीन आठवडे घालवले. आठ जणांची तक्रार घासता येत नाही अशी, आणि मला खांद्यातला तो पांढरा पट्टा डोळ्यांसमोर दिसत होता. तोंड साधारण साडेचार सेंटिमीटरचं आहे, ते सहा केलं तर हात जाईल, असा विचार केला. भाईंदरला आमचा जुना पुरवठादार आहे, त्याच्याकडे 24 फेब्रुवारीला गेले. अकोल्याहून रात्रीची गाडी, सकाळी दादर, तिथून लोकल. शेठने शांतपणे समजावलं. तोंड मोठं केलं की मानेचा साचा नवा, आटे पाडायचे रोलर नवे, झाकणाचा साचा नवा. तिन्ही मिळून दोन लाख चाळीस हजारांचा अंदाज दिला आणि कमीत कमी दोन हजार नग घ्यावे लागतील म्हणाले. शिवाय पिण्याच्या पाण्याच्या स्टीलच्या बाटल्यांना आता आयएसआय मार्क लागतो, आयएस 17803 नावाचं स्टँडर्ड आहे, तर नवा आकार त्यांच्या लायसन्समध्ये बसतो का तेही त्यांना बघावं लागणार. मी दोन हजार नग कुठे विकणार होते? त्यातही त्यांनी सहज एक गोष्ट सांगितली जी मला वहीत कधी सुचली नसती, की तोंड जितकं मोठं तितका वायसरचा घेर मोठा, आणि मोठा घेर सगळीकडून सारखा दाबला गेला नाही की गळतं. म्हणजे आठ जणांची कुरकुर मिटवताना मी नऊ जणांची वाढवली असती. परतीच्या गाडीत मी ते पान बंद केलं. प्रवासाला आणि जेवणाला मिळून अठराशे गेले, पण ते गेले नसते तर मी कर्ज काढायला निघाले असते.

तिथूनच मी स्वतःसाठी एक अट लिहिली: बाटलीच्या पत्र्याला हात लावायचा नाही. आयएसआय मार्कवाली तयार बाटली घ्यायची आणि जे करायचं ते तिच्या बाहेर. ही अट घातल्यावर कल्पना कमी होतील असं वाटलं होतं, पण उलट नेमक्या व्हायला लागल्या.

आर घेतलं तेव्हा आधी तोंडाऐवजी बूड उघडणारी बाटली काढून पाहिली, अटीत बसेना. मग मी कुरकुरीच उलट्या करून लिहायला लागले. बाटली घामेजते, म्हणजे काय होतं? स्टील पातळ आहे, आतली थंडी सहज बाहेर येते. पाणी लवकर गरम होतं, म्हणजे काय होतं? तेच, बाहेरची उष्णता सहज आत जाते. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच, सिंगल वॉल उष्णता अडवत नाही. सगळे जण ती अडवायला डबल वॉल करतात, किंमत तिप्पट होते. मी लिहिलं: उष्णता सहज आत येते तर सहज बाहेर पण काढता येईल का?

याचं उत्तर ए मध्ये होतं आणि ते बाबांनी दिलं, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. मी ओट्यावर वही घेऊन बसले होते, त्यांनी विचारलं काय करून राहिली, मी सांगितलं की दुसरीकडची एखादी पाणी गार करायची पद्धत शोधतेय जी बाटलीला लावता येईल. ते म्हणाले, "त्याच्यात काय शोधतं? आमच्या टायमाले ट्रकच्या समोर छागल लटकवलेली राहे. कॅनव्हासची. वाऱ्यानं बरफासारखं पाणी होये." मी माठाचा विचार दहा वेळा केला होता, पण माठ फुटतो म्हणून सोडून देत होते. छागलीत माती नाहीच, ओलं कापड आणि वारा एवढंच आहे. कापडातलं पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं, ती आतल्या पाण्यातून येते. आणि मध्ये पातळ स्टील असेल तर ते ती उष्णता अडवणार नाही. डबल वॉलच्या महागड्या बाटलीला ओलं कापड गुंडाळून काही होणार नाही, साध्या बाटलीलाच होईल. माझ्या पडून राहिलेल्या साठ बाटल्यांचा दोष तोच त्यांचा गुण होता, आणि मी त्या रात्री खरंच खूप वेळ जागी होते.

हिशोब भाच्याकडून करून घेतला, तो बारावी सायन्सला आहे. एक लिटर पाणी दहा डिग्रीने गार करायला साधारण 42 किलोज्यूल उष्णता काढावी लागते, आणि एक ग्रॅम पाणी वाळताना जवळपास 2.4 किलोज्यूल घेऊन जातं. म्हणजे कागदावर फक्त सतरा-अठरा ग्रॅम पाणी वाळायला हवं, चार चमचे. प्रत्यक्षात जास्त लागतं, कारण बाहेरची गरम हवाही सतत उष्णता देत असते, पण आकडा आवाक्यातला आहे हे कळलं.

मार्चच्या शेवटी पहिली खोळ शिवली. मांजरपाट आणलं, ओळखीच्या टेलरभाऊंकडे दिलं. पहिली चूक इथे झाली. कोरं मांजरपाट न धुता कापलं, खोळ बाटलीवर छान बसली, ओली करून वाळवली आणि दुसऱ्या दिवशी चढेचना. टेलरभाऊ म्हणाले, "वहिनी, आधी रात्रभर भिजवून वाळवून मगच कापत असतात." त्या दहा खोळी वाया गेल्या, चारशे रुपये.

6 एप्रिलला खरी चाचणी घेतली. साडेतीनशे रुपयांचा किचनचा डिजिटल थर्मामीटर घेतला होता. व्हरांड्यात सावलीत, वारा येईल अशा जागी तीन बाटल्या ठेवल्या, तिन्हींत 30 डिग्रीचं पाणी, एक उघडी, एकीला कोरडी खोळ, एकीला ओली खोळ. बाहेर 40 डिग्री. दुपारी एक वाजता सुरू केलं आणि दर अर्ध्या तासाने बघत होते, दुकानातला पोरगाही येऊन बघून जायचा. तीन वाजता उघडी बाटली 36 वर, कोरडी खोळवाली 34 वर, आणि ओली खोळवाली 25 वर. मी थर्मामीटर काढून पुसून परत घातला, 25च. बाबांना त्यातलं पाणी पेल्यात दिलं, ते काही बोलले नाहीत, दुसरा पेला मागितला.

पण अडीच तासांत खोळ वाळली, आणि वाळल्यावर पाणी पुन्हा तापायला लागलं. शेतात जाणारा किंवा एसटीचा ड्रायव्हर दर दोन तासांनी खोळ कुठे भिजवणार? इथे मी अजून एक गोष्ट शिकले, की स्कॅम्पर एकदा करून संपत नाही, जो नवा प्रकार निघाला त्याचेच भाग पाडून त्यालाच परत सात प्रश्न विचारायचे असतात. आता बाटली बाजूला, फक्त खोळ समोर.

एम: खोळीत जास्त पाणी साठवायचं. बुडाखाली एक उथळ वाटी ठेवली, त्यात शंभर मिली पाणी, कापड ते वर ओढून घेईल असं वाटलं, दिव्याच्या वातीसारखं. तासाभराने बघितलं तर खालून साधारण बारा सेंटिमीटरपर्यंत कापड गडद ओलं, त्याच्यावर सरळ रेघ आणि वर कोरडं. पाणी त्याच्या वर चढेचना, आणि जेवढं चढायचं ते तिथेच वाळून जायचं. शिवाय वाटी घेऊन चालता येत नाही, हिंदकळते. मग आर: पाणी खाली ठेवण्याऐवजी वर ठेवलं तर? खोळीच्या वरच्या काठाला, खांद्याभोवती, टर्किश टॉवेलच्या कापडाची चार बोटं रुंद दुहेरी पट्टी शिवली. ती पट्टी पाणी धरून ठेवते आणि वजनाने ते आपोआप खाली मांजरपाटात उतरत राहतं. कापडाला वर ओढायचं कामच उरलं नाही. त्यातून साधी खोळ नव्वद ग्रॅम पाणी धरायची ती दीडशेच्या आसपास धरायला लागली आणि चार तास निघायला लागले. आणि परत ओली करायची तर बाटलीतलंच अर्धा पेला पाणी पट्टीवर ओतलं की झालं.

पुढचे दोन त्रास मला आधी कुणी सांगितले असते तर बरं झालं असतं. एक म्हणजे वास. पाचव्या दिवशी खोळीला ओल्या फडक्यासारखा कुबट वास येतो, म्हणून रात्री खोळ काढून पूर्ण वाळवायची आणि तीन-चार दिवसांनी गरम पाण्यात धुवायची, हे मी आता खोळीसोबतच्या चिठ्ठीत छापते. दुसरा त्रास स्टीलचा. तीन आठवड्यांनी एका स्वस्त बाटलीवर खोळीखाली तपकिरी ठिपके आले. आमच्याकडचं पाणी जड, ते वाळतं तसे क्षार मागे राहतात, आणि हलकं स्टील अशा ओल्या खारट कापडाखाली टिकत नाही. 304 ग्रेडच्या, म्हणजे चांगल्या स्टीलच्या बाटलीवर फक्त पांढरा थर आला, तो लिंबाने निघाला. बरेच दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, पण चुंबकाने हलकं 202 आणि 304 यातला फरक कळत नाही, दोन्हीला सहसा चिकटत नाही. मी तपासणीचं द्रावण आणलं, थेंब टाकून छोटी बॅटरी टेकवायची, 202 वर थेंब लालसर होतो. माझ्या शिल्लक साठातल्या बावीस बाटल्या लालसर निघाल्या. त्या मी खोळीसोबत विकल्या नाहीत, साध्या म्हणून कमी भावात काढल्या, आणि नवा माल शेठकडून 304 लिहून घेऊनच मागवला.

दुसरा प्रकार पी मधून आला आणि तो अचानक आला. एक आजोबा दुकानात आले, किडनीचा त्रास, डॉक्टरांनी दिवसाला एक लिटरच पाणी सांगितलेलं. म्हणाले सकाळी बाटली भरतो, पण किती प्यालो ते कळत नाही, संध्याकाळपर्यंत संपते आणि रात्र तहानेत जाते. स्टील आरपार दिसत नाही, बाहेर रेघा मारून उपयोग नाही. मी तेव्हा पी च्या पानावर अडकलेच होते, बाटली दुसऱ्या कशाला वापरता येईल तर लाटणं, शेकायची पिशवी असलं काहीतरी लिहिलेलं. आजोबा गेल्यावर लिहिलं: बाटली म्हणजे दिवसाचं रेशन. मग आमच्याच रॅकवरचे पेले एकेक करून झाकणावर उपडे घालून बघितले, सहावा पेला झाकणावर अगदी अलगद बसला. काट्यावर मोजलं, काठोकाठ 118 ग्रॅम पाणी. आत 100 ग्रॅमला रेघ हवी म्हणून लेझर मार्किंगवाल्याकडे गेले, नगाला आठ रुपये. दिवसाचे दहा पेले, मोजायला सोपं. सोबत दहा मण्यांची दोरी दिली, पेला प्यायला की एक मणी सरकवायचा. आजोबांना पहिला सेट तसाच दिला.

आता कागदपत्रांचं. मे महिन्यात वाटलं की खोळीचं काहीतरी संरक्षण करावं. ओल्या कापडाने पाणी गार करण्याचं पेटंट मिळणार नाही, ती युक्ती पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, हे मला सल्ला विचारला तिथे स्पष्ट सांगितलं आणि ते मला पटलंही. डिझाइन रजिस्ट्रेशन मात्र होऊ शकतं, त्यात वस्तू दिसते कशी एवढंच सुरक्षित होतं, काम कसं करते ते नाही. मुख्य अट अशी की अर्ज करण्याआधी ते डिझाइन कुठेही जाहीर झालेलं नको. आणि दिराने एप्रिलमध्येच कौतुकाने पहिल्या खोळीचा फोटो आमच्या व्यापाऱ्यांच्या दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकला होता. त्याचा काही वाईट हेतू नव्हता, त्याला माहीतच नव्हतं, पण मला रडू आलं. ती पहिली खोळ गेली. सुदैवाने टॉवेलची पट्टी, तिची तिरकी शिवण आणि पाणी ओतायची चोच असलेली दुसरी खोळ अजून कुणी पाहिली नव्हती, तिचाच अर्ज केला. तुम्ही काही नवं करत असाल तर घरातल्या सगळ्यांना हे पहिल्याच दिवशी सांगा.

अर्ज ऑनलाइन, फॉर्म-1. मी व्यक्ती म्हणून भरला म्हणून फी हजार रुपये, मोठ्या कंपनीला चार हजार पडतात. डिजिटल सिग्नेचर लागली, तिला अठराशे. सातही बाजूंचे फोटो लागतात, समोर, मागे, डावी, उजवी, वर, खाली आणि एक तिरका. मी ते पांढऱ्या चादरीपुढे मोबाइलनेच काढले. 9 जूनला अर्ज गेला. ऑगस्टमध्ये हरकतीचं पत्र आलं आणि पोटात गोळा आला, वाटलं नाकारलं. नीट वाचलं तर दोनच गोष्टी होत्या: फोटोत दुकानाचं नाव छापलेलं दिसतंय ते काढा, आणि नवेपणा नेमका कशात आहे ते वाक्य दुरुस्त करा. मी "पाणी गार ठेवणारी खोळ" असं लिहिलं होतं, ते काम झालं, रूप नाही. "पट्टीचा आणि चोचीचा आकार व मांडणी" असं लिहून नवे फोटो जोडले. उत्तराला मुदत असते, पत्र आलं की आधी तारीख कॅलेंडरवर लिहा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सर्टिफिकेट आलं, दहा वर्षांचं, पुढे पाच वर्षं वाढवता येतं.

खर्च सांगायचा तर वाया गेलेलं धरून सगळं मिळून साडेनऊ हजारांच्या आत. खोळ मला कापड, टॉवेल आणि शिलाई धरून बावन्न रुपयांना पडते, बाटलीसकट 390 ला विकते. अर्ज गेल्यावर जूनमध्ये 118 गेल्या. जुलैत पाऊस लागला आणि चाचणी परत घेतली तर दमट हवेत दोन तासांत जेमतेम दीड डिग्री उतरली, कापड वाळतच नव्हतं. म्हणून कोकणातून किंवा मुंबईहून कुणी मागितली तर मी सांगते, तुमच्याकडे चालणार नाही, घेऊ नका. पावसाळ्यात मी फक्त पेल्याचा सेट ठेवते, तो महिन्याला सात-आठ जातो, बहुतेक दवाखान्याजवळच्या मेडिकलवाल्याकडून.

झाकण गळणाऱ्या नऊ जणांसाठी माझ्याकडे अजून काही नाही, ते पान वहीत उघडंच आहे. सध्या एस परत घेतलंय, पण खोळीसाठी, टॉवेलच्या पट्टीत कूलरला लावतात तसा वाळा घालून बघतेय. सुट्या मुळ्यांचा कचरा पाण्यात पडतो म्हणून टेलरभाऊंनी मलमलच्या आत शिवून दिलाय, आणि परवापासून ओट्यावर सहा पट्ट्या ओल्या करून टांगल्यात, किती दिवस वास टिकतो ते बघायला.